मनातले कोणाच्या कानी?

छातीत धडधडते, झोप लागत नाही, वर्गात उभे राहिले की घाम फुटतो, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी आला की हल्ली त्याला समुपदेशनाचे ॲप किंवा हेल्पलाइन सुचवली जाते. सल्ला वाईट नाही. मात्र निवड करताना अनेकांचा आडाखा एकच असतो: फुकटचे ते संशयास्पद, पैसे घेणारे ते भरवशाचे. हा आडाखा कसा फसतो ते एका प्रकरणावरून पाहू.

‘बेटरहेल्प’ ही ऑनलाइन समुपदेशन देणारी मोठी अमेरिकन कंपनी. त्या वेळी शुल्क आठवड्याला साधारण ६० ते ९० डॉलर होते. नाव नोंदवताना मनःस्थितीविषयी प्रश्नावली भरून घेतली जाई आणि माहिती खाजगी राहील असे आश्वासन दिले जाई. तरीही ग्राहकांचे ई-मेल पत्ते जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना पुरवले, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण ७८ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

फेसबुकला दिलेले पत्ते उघडे नव्हते. प्रत्येक पत्त्याचे एका गणिती सूत्राने अक्षरे आणि अंक यांच्या लांब माळेत रूपांतर केले होते. याला ‘हॅशिंग’ म्हणतात. माळेवरून मूळ पत्ता थेट उलट काढता येत नाही, म्हणून हे सुरक्षित वाटते. पण पत्ता तोच आणि सूत्र तेच असेल, तर माळही तीच येते. फेसबुककडे आपल्या सदस्यांचे पत्ते होतेच. त्यांना तेच सूत्र लावून माळा जुळवल्या की माणूस सापडतो. आयोगाच्या तक्रारीनुसार ७० लाखांहून अधिक पत्त्यांपैकी ४० लाखांहून अधिक अशा प्रकारे जुळले. समुपदेशकाशी झालेले बोलणे बाहेर गेले नसले, तरी ‘हा माणूस मानसिक मदत शोधतो आहे’ एवढे कळणेही थोडे नाही. पैसे मोजून गुप्तता मिळाली नाही.

म्हणून ॲप घेण्यापूर्वी प्ले स्टोअरमधील त्याच्या पानावर ‘डेटा सुरक्षितता’ हा भाग वाचावा. कोणती माहिती इतरांना दिली जाते, हे तिथे लिहिलेले असते. ही माहिती ॲप बनवणाराच भरतो, तेव्हा ती शब्दशः खरी मानू नये; परंतु तिथेच ‘इतरांना दिली जाते’ असे असेल, तर पुढे जाण्याचे कारण उरत नाही. समुपदेशनासाठी मायक्रोफोन लागेल. फोनमधील सगळे संपर्क कशाला?

आता आपल्याकडची सोय. ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. समजा, कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या पालकाचा दहावीतला मुलगा तिथे फोन करतो. खर्चाचा प्रश्न मिटला. खाजगी ॲपवर सत्राला ८०० रुपये धरले, तर आठ सत्रांचे ६,४०० होतात. पहिल्या सत्राच्या सवलतीवरून हा हिशेब करू नये. पण घरात फोन एकच असेल, तर केलेल्या कॉलची नोंद त्यातच राहते. इथे गुप्तता दूरच्या कंपनीकडून नव्हे, उशाशी ठेवलेल्या फोनमधून फुटते. शाळेतला फोन आणि एक बंद खोली त्याला अधिक उपयोगी पडेल.

दर्जा कसा ओळखावा? चांगला समुपदेशक त्रास किती दिवसांचा आहे, झोप आणि जेवण कसे आहे, जीव द्यावासा वाटतो का, हे पहिल्याच बोलण्यात विचारतो. आपली मर्यादाही सांगतो. जिवाला धोका दिसला तर गुप्तता मोडावी लागेल, हे लपवत नाही. जो स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवतो, त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. तो मागण्यात संकोच नको.

शेवटची उणीव ॲप आणि हेल्पलाइन दोन्हींची आहे. थायरॉइड ग्रंथी अति काम करू लागली किंवा रक्त कमी झाले, तरी छाती धडधडते. फोनवरून हे तपासता येत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर मुलाला पालकांसह मिरज किंवा सांगलीच्या शासकीय रुग्णालयात पाठवावे. जीव देण्याचे विचार बोलून दाखवले असतील, तर आठवडे मोजत बसू नये; त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी न्यावे.