क्रिंज म्हणजे काय रे, भाऊ?

आमच्या हर्ण्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना माणसानं गप्प उभं राहावं, हा धडा मला लहानपणीच मिळाला होता. पण मे महिन्यात मुलगी पुण्याच्या कॉलेजातून दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि मी तो विसरलो. समोर सुवर्णदुर्ग, खाली पाण्यात उभ्या बैलगाड्या, वाळूवर पापलेटांचे ढीग, आणि बोली लावणाऱ्यांचा असा गलका, की त्यात आमच्या बँकेचा मार्चएंडसुद्धा मौनव्रतात चाललाय असं वाटावं. मुली खूश दिसल्या. आपणही त्यांच्यातलेच आहोत हे दाखवायची मला एकाएकी उबळ आली आणि मी मोठ्यानं म्हणालो, "काय मग, इथली वाइब कशी आहे? फुल्ल ना?"

दोन्ही मैत्रिणी हसल्या. म्हणजे तोंडानं हसल्या. मुलगी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज. तू फार क्रिंज वागतोयस."

मी बी.कॉम. आहे. बावीस वर्षं कॅश आणि क्लिअरिंगमध्ये काढली आहेत. नावे कुठलं आणि जमा कुठलं, एवढं मला कळतं. हा शब्द माझ्या नावे पडला आहे हे लगेच समजलं. किती रकमेचा, ते मात्र समजेना.

संध्याकाळी पडवीत गुरुजी आले. गुरुजी म्हणजे शेजारचे निवृत्त मराठीचे शिक्षक. मला त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं आणि अजूनही ते त्याचा हप्ता वसूल करत असतात. मी त्यांच्यापुढे प्रश्न टाकला. गुरुजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जुगुप्साजनक." मुलीला धक्काच बसला. "नाही हो गुरुजी! जुगुप्सा म्हणजे किळस ना? बाबाची किळस कशी येईल मला? बाबा फक्त क्रिंज आहे." त्या 'फक्त'मुळे मला किंचित बरं वाटलं.

मग सुरू झाला तो आमच्या पडवीतला दुसरा लिलाव. मैत्रिणींनी एकेक शब्द मांडायचा आणि गुरुजींनी त्यावर संस्कृत बोली लावायची. वाइबला 'स्पंदन'. ऑकवर्डला 'संकोचास्पद'. आणि हँग्री, म्हणजे भूक लागल्यामुळे जे डोकं फिरतं त्याला, 'क्षुत्कोप'. यावर माझा पुतण्या म्हणाला, भूक अधिक राग बरोबर 'भुराग'. गुरुजी म्हणाले, "कुठल्या थाटातला?"

आता हसण्यावारी न नेता यातली खोड कुठं आहे ते सांगतो, कारण या धंद्याशी माझा रोजचा संबंध आहे. आमच्या बँकेत चेकला धनादेश म्हणतात आणि ड्राफ्टला धनाकर्ष. म्हणजे छापतात. धनादेश थोडाफार चालला. पण काउंटरवर येऊन "एक धनाकर्ष द्या" म्हणणारा माणूस मला बावीस वर्षांत भेटलेला नाही. उलट सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीचा जो हट्ट धरला, त्यातले दिनांक आणि महापौर आज आपण इतक्या सहज वापरतो, की ते कुणीतरी मुद्दाम घडवले होते हेही आठवत नाही. पण हे शब्द बघा कशाचे आहेत. तारीख ही एक वस्तू आहे, मेयर ही खुर्ची आहे. एक पाटी काढून तिथं दुसरी लावली, काम झालं. मुलींचे शब्द कुठल्या वस्तूचे नाहीत, ते आपल्या पोटात काय होतं त्याचे आहेत. आणि पोटात होणाऱ्या गोष्टींना मराठी माणूस पाटी लावत नाही, तो वाक्य करतो. 'मला कसंतरी होतंय.' 'जिवाला बरं वाटत नाही.' नामाला नाम शोधत बसलं, की गुरुजींसारखा विद्वान माणूससुद्धा धनाकर्ष देतो.

याची खात्री मला हँग्रीनं पटवली. त्या दिवशी आणलेली सुरमई साफ होऊन तव्यावर पडायला साडेनऊ झाले. मी तोवर पंख्यावर, वीज मंडळावर आणि गुरुजींच्या व्याकरणावर एकेकदा ओरडून घेतलं होतं. आतून बायकोचा आवाज आला, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका गं, भुकेनं कावलेत ते." मैत्रिणी एकदम ओरडल्या, "हेच! हँग्री!" घ्या. इंग्रजीला हा शब्द घडवायला हंग्री आणि अँग्री यांना एका डब्यात कोंबावं लागलं. 1956 साली तो कुठंतरी छापला गेला आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात जायला 2018 उजाडलं. आमच्या घरात तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, फक्त दोन शब्दांचा होता म्हणून कुणी त्याला शब्द धरत नव्हतं. शिवाय त्यात माफीसुद्धा आहे. 'कावलेत' म्हटलं की पुढचं वाक्य 'आधी त्यांना वाढा' हेच येतं. मलाही आधी वाढलं.

ऑकवर्डचं काम इतकं सरळ नाही. मुलगी म्हणाली, "मग ऑकवर्डला 'अवघडलेली' म्हणू का? मी अवघडलेय." बायकोनं पोळी हातातच धरली आणि म्हणाली, "असलं काही गावात बोलू नकोस हो. अवघडलेली म्हणजे दिवस भरत आलेली." तेव्हा म्हणायचंच असेल तर 'मला अवघडल्यासारखं झालं' असं म्हणावं, त्या 'सारखं'मध्ये पोरीची अब्रू आहे.

पण तेवढ्यानंही भागत नाही. मागे एकदा काउंटरवर एक ओळखीचा मुलगा आला. मी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "काय, वडील कसे आहेत?" त्यानं काही न बोलता कागद पुढे केला. तो वडिलांचा मृत्यूचा दाखला होता. खातं बंद करायला आला होता. पोरींच्या भाषेत हे ऑकवर्ड. बसमध्ये अनोळखी माणसाशी नजरानजर झाली तरी ऑकवर्ड, आणि हेही ऑकवर्ड! मराठीत इथं आधी एक चौकशी होते: चूक कुणाची? काही करण्याआधीच पाय मागे ओढला तर मी संकोचलो. चूक माझी आणि ती समोरच्याला दिसली तर मी ओशाळलो. चूक तशी कुणाचीच नाही, पण आता तोंड कुठं लपवू असं झालं तर मी कानकोंडा झालो. त्या दिवशी मी कानकोंडा झालो होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तोच शब्द तोंडातून आला, दुसरा बसलाच नसता. इंग्रजीत या तिन्ही खात्यांची जमा एकाच खात्यात होते. सोय आहे, नाही म्हणत नाही. घाईच्या वेळी एकच शब्द फेकून सुटता येतं. पण मग नंतर कुणी हिशोब मागितला तर एंट्री कशाची होती ते सांगता येत नाही.

आता क्रिंज, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. मैत्रिणींपैकी एक इंग्रजी साहित्याची निघाली. तिनं सांगितलं, की हे मुळात जुनं क्रियापद आहे: लढाईत पडणं, वाकणं, अंग आक्रसून घेणं. म्हणजे क्रिंज होतो तो बघणारा! त्याच्या अंगाचा गोळा होतो. अलीकडे पोरांनी त्या क्रियापदाचं विशेषण केलं आणि बघणाऱ्याच्या पोटातून काढून समोरच्याच्या कपाळावर चिकटवलं. मी मुलीला म्हणालो, "मग लिलावात क्रिंज कोण होतं? तू की मी?" ती विचारात पडली. "मला... मला कसंनुसंच झालं रे. सगळ्यांसमोर. तुझ्यासाठी." हे 'कसंनुसं' गुरुजींनी लगेच टिपलं, ते म्हणाले, "अरे, हा शब्द मी चाळीस वर्षांत फळ्यावर लिहिला नाही." क्रिंजला मराठी शब्द सापडला म्हणून त्यांना आनंद झाला. मला मात्र त्या 'तुझ्यासाठी'मुळे घास गिळायला जरा वेळ लागला. 'तू क्रिंज आहेस' हा शेरा आहे. 'मला तुझ्यासाठी कसंनुसं झालं' यात आपलं माणूस आहे. तुम्हाला रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी कसंनुसं होत नाही. झालंच तर हसू येतं.

तक्रार एकच. हे वाक्य लांब आहे. बंदराच्या गलक्यात कानाशी कुजबुजायला 'क्रिंज'च बरा, हे मी मान्य करतो.

राहिली वाइब. व्हायब्रेशनचं हे आखूड रूप इंग्रजीत 1960 च्या दशकात चाललं म्हणतात. आमच्याकडे पोचायला वेळ लागला, तसा सगळ्यालाच लागतो, एस्टीनं येतं. चांगल्या वाइबला मराठीत 'करमतं' असं मी सुचवलं. मुलीनं अडवलं: करमायला चार दिवस राहावं लागतं, वाइब दारातच कळते. बरोबर आहे. माणसाची असेल तर 'सूर जुळले' म्हणता येईल, पण जागेचे सूर कसे जुळवणार? इथं मी हरलो. मैत्रिणी झोपायला गेल्यावर मुलगी पडवीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, खरं सांगू? आजी गेल्यापासून या घराची वाइबच गेली."

आई गेल्या भाद्रपदात गेली. तिची खुर्ची अजून तिथंच आहे. मी म्हणालो, "हो. दुपारी घर खायला उठतं."

"कुणाला खायला?"

"जो एकटा असेल त्याला."

ती बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "याला शब्द नको शोधू."

जूनमध्ये, बोटी किनाऱ्याला ओढल्यावर, तिचा पुण्याहून फोन आला. रूममेट परीक्षा आटोपून घरी गेली होती. "बाबा, रूम खायला उठते रे." मी म्हणालो, "चार दिवस ये निघून." ती म्हणाली, "शेजारच्या रूममधली दिल्लीची मुलगी विचारत होती, याचा अर्थ काय. सांगायचा खूप प्रयत्न केला. शेवटी म्हटलं, बॅड वाइब."

"म्हणजे राउंड ऑफ केलंस."

"हो," ती म्हणाली, "वरचे पैसे सोडून दिले."