दीर कोर्टात गेला म्हणून ती कागदावर आली

1856 चा हिंदू विधवा पुनर्विवाह कायदा म्हटलं की आपल्या डोक्यात शाळेतलं एक वाक्य तयार असतं: ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांमुळे विधवांना लग्नाचा हक्क मिळाला. लूसी कॅरल यांचा या कायद्यावरचा पेपर 1983 मध्ये ‘इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू’त आला आणि त्याने या वाक्याची हवाच काढून घेतली. सामाजिक इतिहासात पीएचडी करायचा विचार असेल तर हा पेपर एकदा तरी नीट वाचा. आज मी तो वाचणार आहे तो मात्र जरा भांडत. सुधारकांचं लेखन एका हातात आणि कोर्टाचे निवाडे दुसऱ्या हातात धरले की मधून कोण निसटतं, हा माझा प्रश्न आहे.

आधी पेपरचं म्हणणं. कायद्याचं कलम 1 सांगतं की बाईचं आधी लग्न झालं होतं, एवढ्या कारणाने तिचं दुसरं लग्न बेकायदा ठरणार नाही. इथवर आपण सगळे वाचतो. कलम 2 मात्र कुणी वाचत नाही. त्यानुसार विधवेने पुन्हा लग्न केलं की मृत नवऱ्याच्या मालमत्तेतले पोटगीचे आणि वारशाचे तिचे हक्क संपतात, जणू त्या क्षणी ती मेलीच. (मृत्युपत्रात पुनर्विवाहाची परवानगी स्पष्ट दिली असेल तर गोष्ट वेगळी.) ब्राह्मण विधवेला आधी लग्नच करता येत नव्हतं. तिच्यासाठी हा एक सौदा झाला: लग्न घ्या, जमीन सोडा. पण ज्या जातींत विधवेचा पाट लागतच होता, त्यांचं काय? त्यांना कायद्याने नवं काहीच दिलं नाही. मग कलम 2 त्यांना लागू करायचं का?

अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणालं, नाही. रूढीने जिला लग्नाची मोकळीक होतीच, ती या कायद्याखाली लग्न करत नाही, त्यामुळे तिचा हक्कही या कायद्याने जात नाही. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता उच्च न्यायालयांनी उलट वाट धरली. 1896 मध्ये ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या प्रकरणात मुंबईच्या पूर्णपीठाने कलम 2 अशा जातींनाही लागू केलं. कॅरल यांचं आर्ग्युमेंट इथे उभं राहतं. ब्राह्मणी नियम मोडायला आणलेला कायदा कोर्टांच्या हातून ब्राह्मणी नियमाचीच किंमत खालच्या जातींच्या बायकांकडून वसूल करू लागला.

हे पटकन डोक्यात बसत नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा 1900 च्या आसपास पुणे जिल्ह्यातला एक कुणबी वारला. भावांपासून विभक्त होता, मुलगा नव्हता. हा ‘विभक्त’ शब्द महत्त्वाचा आहे, कारण कुटुंब एकत्र असतं तर 1937 च्या कायद्यापर्यंत विधवेला वाटा नव्हताच, फक्त पोटगी होती. इथे ती विभक्त नवऱ्याची विधवा, म्हणून जमीन हयातीपुरती तिच्या ताब्यात आली. ती मेल्यावर जमीन जाणार नवऱ्याच्या पुढच्या वारसाकडे, म्हणजे दिराकडे. दोन वर्षांनी तिने पाट लावला. अलाहाबादच्या हद्दीत ती जमीन घेऊन नव्या घरी गेली असती. मुंबईच्या हद्दीत दीर कोर्टात जातो आणि म्हणतो, ही आता मेल्यासारखी आहे, माझी पाळी आली.

आता यात आणखी एक पीळ घाला. 1880 मध्ये आसामातल्या ‘मोनीराम कोलिता विरुद्ध केरी कोलितानी’ या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं होतं की एकदा वारशाने मालमत्ता मिळाल्यावर विधवेचं वर्तन बिघडलं, एवढ्याने ती काढून घेता येत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातली बाई पाट न लावता त्याच माणसाबरोबर राहिली असती, तर जमीन राहिली असती. लग्न केलं म्हणून गेली.

या विसंगतीवर इतिहासाचे विद्यार्थी खूश होतात. कायद्याचा ढोंगीपणा उघडा पडला, असं म्हणून पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. मालमत्ता कधी जाते आणि कधी राहते हे कळलं की कोर्टात कोण काय बोलणार हेही कळतं. पाट लागलाच, असं सिद्ध करण्यात दिराचा फायदा आणि पाट लागलाच नाही, असं म्हणण्यात बाईचा फायदा. मग साक्षी कशावर निघणार? विधींवर. कुणी बघितलं, रात्री लागला की दिवसा, नवं लुगडं कुणी नेसवलं, जातीतली कोण माणसं बसली होती. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांत पाटाची जी वर्णनं आहेत, त्यांत तो बहुधा रात्री लागतो, विधी थोडे असतात आणि सवाष्णींनी तिथे थांबायचं नसतं. काही जातींत बिनलग्नाच्या पुरुषाला विधवेशी पाट लावायचा असेल तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. असा चोरटेपणाने लागणारा विधी कोर्टात सिद्ध करणं आणि नाकारणं, दोन्ही सोपं नव्हतं.

माझी पहिली तक्रार इथली आहे, आणि ती कॅरल यांच्यापेक्षा त्यांच्यामागून त्याच वाटेने जाणाऱ्या आपल्यासारख्यांबद्दल जास्त आहे. पेपरचा कणा म्हणजे छापील निवाडे. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ 1876 पासून निघू लागले आणि त्यांत येतं ते उच्च न्यायालयाने कायद्याच्या मुद्द्यावर जे ठरवलं ते. खालच्या कोर्टातल्या साक्षी तिथे पोचेपर्यंत एका वाक्यात आटतात: वादीच्या जातीत पुनर्विवाहाची रूढी आहे, यावर दोन्ही पक्षांचा वाद नाही. बस. तुमच्या प्रबंधाला लागणारा सगळा समाज त्या ‘वाद नाही’मध्ये गाडलेला असतो. त्यामुळे निवाडा आणि खटल्याचे कागद यांना एकच सोर्स समजू नका. कायदा कुठे वळला हे निवाडा सांगतो. बायका काय करत होत्या, हे त्यावरून सांगता येत नाही. खटल्याची नावंसुद्धा बघा. ‘विठू विरुद्ध गोविंदा’ हे शीर्षक वाचून हा प्रश्न एका बाईच्या लग्नाचा आहे, असं कुणाला वाटेल?

दुसरी मर्यादा आकाराची. कलम 2 जिच्यावर पडतं, तिच्याकडे जमीन असावी लागते, नवरा विभक्त असावा लागतो, मुलगा नसावा लागतो आणि दिराकडे वकिलाचे पैसे असावे लागतात. मोलमजुरी करणारी विधवा यात कुठेच नाही. शिवाय पाट बंद करणाऱ्या घरांना कोर्टाची गरज नव्हती. कुळी मिरवणाऱ्या मराठा घराण्यांत पाट हलका समजत आणि त्यांच्या बायकांना ब्राह्मण विधवेसारखंच घरात बसावं लागे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे याच थरातल्या. त्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर. मराठा बाई ब्राह्मण विधवेच्या खटल्यावर एवढी का पेटली, याचं उत्तर कुठल्याही निवाड्यात नाही. प्रतिष्ठेसाठी पाट सोडणं आणि कोर्टाच्या धाकाने पाट सोडणं, यांतला फरक नुसत्या निवाड्यांवरून ओळखता येत नाही.

मग सुधारकांकडे वळावं, तर तिथे वेगळीच अडचण. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुनर्विवाहोत्तेजक चळवळीने 1869 मध्ये मुंबईत एक पुनर्विवाह लावला आणि 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला. अशा वादांत घोळ पडतो तो कन्यादानाचा आणि मंत्रांचा: एकदा दिलेली मुलगी पुन्हा दान कशी करायची? कायद्याचं कलम 6 नेमकं यासाठीच आहे. कुमारिकेच्या लग्नात जे शब्द आणि जे विधी लग्न वैध करतात, तेच विधवेच्या लग्नातही करतील, असं ते सांगतं. आता हे कलम पाटाच्या शेजारी ठेवून वाचा. सुधारकांना हवं होतं पूर्ण विधींचं, दिवसाउजेडी, चारचौघांतलं लग्न. पाट त्यांच्या कामाचा नव्हता, उलट अडचणीचाच, कारण विरोधकांना ‘हे शूद्रांचं’ म्हणायला तो आयताच सापडे. त्यांच्या लेखनात पाट लावणाऱ्या बाईला एवढी कमी जागा का, याचं एक कारण मला हे वाटतं. पंडिता रमाबाईंनी 1887 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ‘उच्चवर्णीय’ हा शब्द घातला. तेवढा प्रामाणिकपणा सगळ्यांकडे नव्हता.

उलट केशवपनाचं बघा. लाल आलवण, एकवेळचं जेवण, मंगलकार्यातून हद्दपारी, हे सगळं सुधारकांच्या पानापानांवर आहे. कोर्टात ते जवळजवळ दिसत नाही. का? कारण त्यासाठी फिर्याद करायची गरजच नव्हती. न्हावी दारात बोलावला जाई आणि नकार दिला तर सोवळ्यातल्या माणसांनी तिच्या हातचं पाणी घेणं बंद केलं की पुरे. ही बंधनं कोर्टाच्या कागदात शिरतात ती दत्तकाच्या दारातून. केशवपन न केलेल्या विधवेने घेतलेलं दत्तक चालतं का, असा आक्षेप मुंबईत घेतला गेला. त्यातही भांडणारे भाऊबंद, आणि तिच्या डोक्यावरच्या केसांची चौकशी होते ती कुणाची इस्टेट कुठे जाते हे ठरवायला.

म्हणून कॅरल यांचा पेपर वाचताना समासात दोन रकाने आखा. ‘कायदा असा वळला’ या प्रकारची वाक्यं एका बाजूला, ‘बायकांवर असा परिणाम झाला’ या प्रकारची दुसऱ्या बाजूला. पहिल्या रकान्यातल्या वाक्यांना निवाड्यांचा भक्कम आधार सापडेल, त्याबाबत पेपर आजही टिकून आहे. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा, कुठल्या जातीच्या, किती जमिनीच्या आणि कुणी फिर्याद केली म्हणून दिसलेल्या बायका? मुंबई इलाख्यापुरतं उत्तर शोधायचं असेल तर माझ्या मते तीन ढीग शेजारी ठेवावे लागतील. पहिला, जिल्हा कोर्टांच्या मूळ फायली, जिथे त्या मिळतील तिथे. दुसरा, आर्थर स्टील यांनी 1827 मध्ये छापलेलं दख्खनच्या जातींच्या रूढींचं संकलन, कारण ते कायद्याच्या तीस वर्षं आधीचं आहे. आणि तिसरा, पेशवे दफ्तरातल्या पाटदामाच्या नोंदी. पाटावर सरकार पैसे घेत होतं, म्हणजे तो कुणीतरी मोजत होतं, आणि तेही कुठलाही दीर कोर्टात न जाता.