शीर्षकातला ‘का’

विज्ञानविषयक लेखांना प्रश्नार्थक शीर्षक देण्याची पद्धत जुनीच आहे. पण मोबाइलला तोंडी प्रश्न विचारून माहिती शोधण्याची सोय झाल्यापासून इंटरनेटवर अशा शीर्षकांचे पीक आले. गूगलची ही सोय मराठीत २०१७ साली आली. अशा लेखांपैकी अनेकांत एक दोष आढळतो. शीर्षक एक प्रश्न विचारते आणि मजकूर दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

उदाहरण म्हणून दिवसा दिसणारा चंद्र घेऊ. टंकलिखित शोधात विद्यार्थी ‘चंद्र दिवसा’ एवढेच लिहितो. या दोन शब्दांत त्याला नेमके काय हवे ते कळत नाही. त्यामुळे चंद्राची सगळी माहिती एकत्र देणारा लेखही चालून जातो. तोच विद्यार्थी बोलतो तेव्हा मात्र पूर्ण वाक्य बोलतो. तो विचारतो, “चंद्र दिवसा दिसतो का?” किंवा “चंद्र दिवसा का दिसतो?” शब्द तेच चार, फक्त ‘का’ची जागा बदलली. पहिल्या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ हे उत्तर हवे, दुसऱ्याला कारण हवे. “चंद्र दिवसा कधी दिसतो?” या तिसऱ्या प्रश्नाला तिथी आणि वेळ हवी.

केवळ ठळक शब्द जुळवणाऱ्या शोधपद्धतीत असे लहान शब्द दुर्लक्षिले जात. गूगलने २०१९ मध्ये आणलेली ‘बर्ट’ ही पद्धत शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून लावते. म्हणजे यंत्राला आता ‘का’ची दखल घेणे पुष्कळसे जमू लागले आहे. लेखकांनी मात्र ती घ्यायला हवी तशी घेतलेली नाही.

‘चंद्र दिवसा का दिसतो?’ या शीर्षकाचा नेहमीचा लेख कसा असतो? सुरुवातीला चंद्राचे अंतर ३,८४,००० किलोमीटर आणि व्यास ३,४७६ किलोमीटर. मग कलांची नावे. मग ‘खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असे एक वाक्य. कारण आलेच तर शेवटी. यातले काहीही चूक नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. शिवाय तोंडी प्रश्नाला उत्तर म्हणून अनेकदा लेखातला एखादाच परिच्छेद वाचून दाखवला जातो. ऐकणाऱ्याला आकृती दिसत नाही आणि ‘वरील कारणामुळे’ म्हणजे कशामुळे, हे कळत नाही.

त्याहून मोठी उणीव वेगळीच आहे. बोलून विचारलेल्या प्रश्नात विचारणाऱ्याची समजूतही असते. ‘दिवसा का दिसतो’ असे विचारणाऱ्या मुलाला वाटते, की चंद्र रात्रीचा आणि दिवसा दिसणे हा अपवाद. ही समजूत उत्तराने प्रथम दूर केली पाहिजे. असे उत्तर पुढीलप्रमाणे देता येईल.

‘चंद्राचे उगवणे रात्रीशी बांधलेले नाही. चंद्र रोज सरासरी बारा तास क्षितिजाच्या वर असतो आणि त्याची उगवण्याची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून बहुतेक दिवशी त्यातला काही काळ उजेडात येतो. सूर्यप्रकाशाने उजळलेला चंद्र निळ्या आकाशाहून उठून दिसतो, म्हणून तो आपल्याला दिसतो.’

शीर्षकात ‘कधी’ असेल, तर हाच परिच्छेद चालणार नाही. तेथे असे सांगावे लागेल: शुद्ध अष्टमीच्या सुमारास चंद्र दुपारी उगवतो, म्हणून दुपारनंतर पूर्वेकडे पाहावे. वद्य अष्टमीच्या सुमारास तो दुपारी मावळतो, म्हणून सकाळी पश्चिमेकडे पाहावे. अमावास्येच्या आसपास तो सूर्याजवळ असल्याने दिसत नाही, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो.

यावर काहींनी उलटे टोक गाठले. एकाच लेखाचे दहा तुकडे करून प्रत्येकावर एकेक प्रश्न चिकटवला. अशा प्रश्नोत्तरांना शोधाच्या निकालात खास जागा मिळे. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती प्रामुख्याने नामांकित सरकारी व आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली. पण खरा तोटा वाचकाचा झाला. ‘दिसतो का’, ‘का दिसतो’ आणि ‘कधी दिसतो’ या तिन्ही तुकड्यांत तीच वाक्ये फिरवून आली आणि एकाही प्रश्नाचे उत्तर पुरे झाले नाही. पहिला परिच्छेद थेट उत्तराचा असावा याचा अर्थ लेख तेथेच संपावा असा नाही. आकृती, कला आणि अंतर यांना जागा आहे, पण ती त्यानंतर.

असा लेख वर्गात वापरण्यापूर्वी एक साधी कसोटी लावता येते. शीर्षक झाकून पहिला परिच्छेद एका विद्यार्थ्याला मोठ्याने वाचून दाखवावा आणि मूळ प्रश्न काय असेल ते त्याला विचारावे. त्याने ‘का’ योग्य जागी ठेवला, तर लेख शीर्षकाला उतरला. त्याने ‘चंद्राची माहिती सांगा’ असे म्हटले, तर शीर्षक बदलावे किंवा परिच्छेद.