निळी टिक आणि ६.४२ ची वेळ: एका नकलेबद्दल

आपल्या मंडळाच्या दप्तरात आलेला दांडिया बाजारातल्या वाड्याचा मजकूर मी दोनदा वाचला. एका घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले साठेक स्क्रीनशॉट संकलकाने टंकून काढले आहेत. वाडा पडला, त्याचे नक्षीचे सागवानी खांब विकले गेले, आणि तो निर्णय घरात कसा झाला याचा दुसरा कागद कुठेही नाही. बडोद्याच्या जुन्या वाड्यांचं शेवटचं दप्तर आता असंच मोबाइलमध्ये राहणार आहे. म्हणून हे काम करायला घेतलं हे चांगलंच झालं. पण नक्कल करताना काय मजकूर आणि काय नाही हे ठरवण्यात चूक झाली आहे, आणि त्या चुकीतून एका माणसावर ठपका आला आहे. म्हणून हे लिहितो.

मुख्य नोंद अशी छापली आहे: «मोठे काका: खांब आज उतरवतायत. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता बोला. (६.४२, सर्वांनी वाचले)». प्रस्तावनेत त्यावरून निष्कर्ष काढला आहे, की पावणेसातलाच सगळ्या घराला कळलं होतं, खांब आठला उतरले, मस्कतच्या पुतण्यासकट कोणी तोंड उघडलं नाही.

मी मूळ चित्र मागवून पाहिलं. त्यात "सर्वांनी वाचले" हे शब्द नाहीत. हिरव्या चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ६.४२ आहे आणि शेजारी दोन निळ्या टिक. संकलकाने दोन्ही जोडून एक वाक्य केलं. पण या दोन खुणा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ६.४२ ही निरोप पाठवल्याची वेळ, आणि ती बदलत नाही. टिक मात्र बदलत जाते: निरोप गेला की एक करडी, ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फोनवर पोचला की दोन करड्या, सगळ्यांनी पाहिला की दोन्ही निळ्या. टिकेला स्वतःची वेळ नसते. चित्र काढलं त्या क्षणी ती निळी होती, एवढंच ते चित्र सांगतं.

मग तो क्षण कोणता? तो चित्रातच होता, अगदी वर, फोनच्या पट्टीत: ११.१५. बॅटरी, नेटवर्क यांच्यासोबत "मशीनचा कचरा" म्हणून संकलकाने ती पट्टीच गाळली. म्हणजे सव्वाअकरापर्यंत सगळ्यांनी निरोप पाहिला होता. आठच्या आधी कोणी पाहिला, हे या चित्रावरून सिद्ध होत नाही. (खाजगी गप्पांमध्ये वाचल्याची खूण बंद ठेवता येते. ग्रुपमध्ये तसं करता येत नाही, त्यामुळे ग्रुपमधली निळी टिक जरा जास्त भरवशाची.)

आता पुतण्याचा भाग. त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट संकलनात पाच पानं पुढे आहे, आणि तिथे तोच निरोप "५.१२, बाबाकाका" असा आला आहे. संकलकाला वाटलं हा वेगळ्या माणसाचा वेगळा, आधीचा निरोप. तसं नाही. फोन वेळ आपल्या जागेची दाखवतो, आणि मस्कत भारताच्या दीड तास मागे आहे. ५.१२ म्हणजे आपले ६.४२ च. नाव ज्याने ज्या नावाने नंबर साठवला तसं दिसतं. पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर त्याचं नावच दिसत नाही, तिथलं "मोठे काका" संकलकाने घातलेलं आहे. आणि या चित्रात निरोपाच्या लगेच वर न वाचलेल्या निरोपांची पट्टी दिसते, वरच्या घड्याळात ९.०५. ती पट्टी ग्रुप उघडल्यावर येते आणि बाहेर जाऊन परत आलं की जाते. म्हणजे पुतण्याने ग्रुप नुकताच उघडला होता, आपल्या १०.३५ ला. खांब तेव्हा ट्रकवर चढून गेले असतील. हा माणूस गप्प बसला नव्हता, त्याला उशिरा कळलं. त्याला आरोपी करणारा सगळा परिच्छेद काढावा लागेल.

जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांना हे नवीन वाटू नये. पेशवाई पत्रावर लिहिल्याची तिथी वेगळी आणि "पैवस्ती", म्हणजे पोचल्याची नोंद वेगळी, बहुतेक वेळा वेगळ्या हातची. ही दुसरी नोंद मजकुरात मिसळणारा नकलनवीस आपण दोषी धरतो आणि गाळणाराही. मी स्वतः पंचवीस वर्षं ड्रॉइंगवर काढली. शीर्षक-चौकटीतला रिव्हिजन नंबर न पाहता जो भिंतीचं माप वाचतो त्याला साइटवर कोणी उभं करत नाही.

माझ्या मते प्रश्न एवढाच विचारावा, की ही खूण कोणी ठेवली. शब्द माणसाने टाइप केले, ते मजकूर. वेळ, टिक, "Forwarded", "Edited" या खुणा ॲपने त्या निरोपावर ठेवल्या. त्या नकलेत याव्यात, पण चौकोनी कंसात, आणि दिसतात तशाच. "वाचले" असं लिहू नका, "दोन निळ्या टिक" लिहा, अर्थ वाचणारा लावील. फोनची पट्टी त्या चित्राची आहे, निरोपाची नाही, म्हणून घड्याळ नकलेच्या डोक्यावर एकदाच, आणि फोन कोणाचा, कुठल्या गावी, तेही तिथेच. बॅटरीचा आकडा मी तरी गाळतो. वरची नोंद अशी झाली असती:

```
[चित्र १४; फोन पाठवणाऱ्याचा, बडोदा; पट्टीत 11:15]
[Today]
खांब आज उतरवतायत. कोणाला काही
म्हणायचं असेल तर आत्ता बोला.
[6:42; दोन निळ्या टिक]
```

"Today" तसंच ठेवलं आहे हे बघा. संकलकाने तिथे ८ मार्च २०२१ ही तारीख घातली, कारण चित्राचं नाव `IMG-20210308-WA0012.jpg` होतं. ती तारीख चित्र संकलकाच्या फोनवर व्हॉट्सॲपने आल्याची. कंत्राटदाराची खांबांची पावती २०१९ च्या जूनमधली आहे, ती त्याच संकलनात परिशिष्टात छापली आहे! फाइलचं नाव लिहावं, पण कंसात.

दोन किरकोळ चुका, पण हसू येण्यासारख्या. एके ठिकाणी आत्याबाईंच्या तोंडी "हा मेसेज डिलीट केला" असं वाक्य आहे. ते आत्याबाई बोलल्या नाहीत, त्यांनी निरोप पुसल्यावर ॲपने तिथे ठेवलेली ती पाटी आहे. आणि घराण्याची वंशावळ काकांनी "सांगितली" म्हणून छापली आहे, तिच्यावर "Forwarded" आहे. ती कुठून आली याचा शोध अजून बाकी आहे.

आठच्या आधी कोणी पाहिलं, याचं उत्तर मिळू शकतं. काकांनी आपला तो निरोप दाबून धरून माहिती उघडली तर कोणाला कधी पोचला आणि कोणी कधी वाचला याची नावं-वेळांसह यादी येते, अर्थात निरोप त्यांच्या फोनवर अजून असेल तर. संकलकांनी काकांना एवढा एक फोन करावा, आणि पुतण्याचा परिच्छेद तोपर्यंत मागे घ्यावा.