ध्वनिमुद्रित आहारसल्ला आणि त्याचे लेखी रूप : एक चिकित्सा

आहारतज्ज्ञाचा ध्वनिमुद्रित सल्ला रुग्णाला कागदावर दिला जातो, तेव्हा त्याचे तीन भाग पडतात : जेवणाचा तक्ता, वर्ज्य पदार्थ आणि फेरतपासणीची तारीख. ही मांडणी सोयीची असली, तरी बोलण्यातील अटी त्या चौकटींत मावतातच असे नाही. बाजरीच्या शिरूर आणि उसाच्या दौंड तालुक्यांत ही अडचण अधिक स्पष्टपणे जाणवते.

उदाहरणादाखल दौंडकडील एक कल्पित शेतकरी घेता येईल. त्याला मधुमेह असून तो सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतो. तज्ज्ञ सांगते : ‘भाकरी दुपारी एकच, तीही पातळ, सोबत उसळ हवीच.’ कागदावर मात्र ‘दुपारी बाजरीची भाकरी’ एवढेच उतरते. भाकरी हे माप नव्हे. घरोघरी तिचे पीठ दुपटीने बदलते. म्हणून तक्त्यात पिठाचे माप घरच्याच वाटीत लिहिणे आवश्यक ठरते. ‘गुऱ्हाळावरचा गूळ तरी चालेल ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळाले असेल, तर वर्ज्य यादीत नुसती ‘साखर’ लिहून भागत नाही. गूळ नावानिशी यायला हवा.

खरा धोका याच यादीत आहे. साखर वर्ज्य सांगितल्यावर तज्ज्ञ पुढे सांगते : ‘थरथर सुटली, दरदरून घाम आला, तर मात्र तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून लगेच घ्या. पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा तपासा; 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच घ्या.’ हे वाक्य तिन्ही चौकटींबाहेरचे असल्याने सारांशातून सहज गळते. संकष्टीला रांजणगावी पायी निघालेल्या माणसाने गोळी घेतली आणि जेवण टाळले, तर साखर उतरण्याचा संभव वाढतो. अशा वेळी कागद वाचणारी पत्नी साखर देण्यास कचरेल. त्यामुळे हा अपवाद वर्ज्य यादीला लागूनच, ठळक अक्षरांत यावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता त्याला थेट रुग्णालयात न्यावे, हेही तेथेच लिहावे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचे. सारांशकाराने ते अंदाजाने भरू नये.

अशा चुका शोधण्याचा उपाय साधा आहे. ध्वनिमुद्रण एकदा केवळ ‘पण’, ‘तर’ आणि ‘मात्र’ हे शब्द टिपण्यासाठी ऐकावे व प्रत्येक शब्दामागची अट कागदावर आली आहे की नाही, ते पाहावे. आकडा अस्पष्ट ऐकू आल्यास जागा कोरी ठेवून तज्ज्ञाकडूनच भरून घ्यावी. मसुदा तिने वाचल्याशिवाय तो रुग्णाच्या हाती देऊ नये.

फेरतपासणीचा मजकूर सर्वांत आखूड असतो, तरी तोही फसवतो. ‘ऊसतोड झाली की या’ हे बोलण्यात पुरते. कागदावर मात्र तारीख, वार आणि वेळ हवी. उपाशीपोटी रक्त द्यायचे असल्यास आदल्या रात्री किती वाजल्यानंतर काही खायचे नाही आणि सकाळची गोळी रक्त देण्यापूर्वी घ्यायची की नंतर, हेही त्याच ओळीखाली लिहावे.