संपादकाचे लेखी उत्तर : अपघातग्रस्तांचे छायाचित्र आणि समर्थनाची भाषा

वृत्तपत्रीय गद्याचा विचार करताना आपण अग्रलेख, स्फुट, वार्तापत्र व मृत्युलेख यांचा परामर्श घेतो. परंतु संपादकाच्या लेखणीतून उतरणारा आणखी एक प्रकार बहुधा अभ्यासाबाहेरच राहतो. तो म्हणजे तक्रारीला दिलेले लेखी उत्तर. हे लेखन छापले जात नाही आणि त्याचा वाचक एखादी समिती व एक दुखावलेला माणूस एवढाच असतो. तथापि संपादकाला आपल्या निर्णयाची कारणे स्वतःच्या शब्दांत मांडण्याचा प्रसंग अन्यत्र क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात अपघातग्रस्तांच्या छायाचित्राविषयीच्या तक्रारीला दिल्या जाणाऱ्या उत्तराचे परीक्षण करावयाचे आहे. असे उत्तर कोणत्या प्रश्नाला द्यावयाचे असते आणि प्रत्यक्षात ते कोणत्या प्रश्नाला दिले जाते, एवढाच मुद्दा येथे घेतला आहे.

प्रथम या उत्तराची चौकट पाहू. भारतीय वृत्तपत्र परिषद प्रथम १९६६ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे वऱ्हाडातील घराण्याचे होते. आणीबाणीत ती परिषद संपुष्टात आली आणि १९७८ च्या अधिनियमान्वये १९७९ साली तिची पुनःस्थापना झाली. दैनिकातील मजकुराविषयीची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. त्यापूर्वी तक्रारदाराने संपादकाला पत्र लिहून आपला आक्षेप कळवावा, अशी अपेक्षा असते. तक्रार विचारार्थ घेतली गेली म्हणजे संपादकाला नोटीस जाते व त्याने चौदा दिवसांत आपले लेखी निवेदन सादर करावयाचे असते. चौकशीअंती परिषद ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते किंवा निषेध नोंदवू शकते. दंड करण्याचा अथवा अंक बंद पाडण्याचा अधिकार तिला नाही.

या व्यवस्थेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की, येथे शिक्षेचे भय नसल्यामुळे संपादकाचे उत्तर हे मुळात नैतिक स्वरूपाचे लेखन ठरते, आणि न्यायालयातील बचावाचा पवित्रा तेथे विसंगत दिसतो. दुसरी अशी की, संपादकाची उत्तरे वस्तुतः दोन असतात. पहिले तक्रारदाराला व्यक्तिशः दिलेले, दुसरे परिषदेला सादर केलेले. पहिले उत्तर पुष्कळदा दिलेच जात नाही, अथवा दोन ओळींत संपते, आणि दुसरे वकिलाच्या हातून लिहिले जाते. पहिल्यात ‘आपल्या भावना समजतात’ असे म्हणावे व दुसऱ्यात तक्रारदाराच्या हेतूविषयी शंका घ्यावी, असे झाले की त्या दोन कागदांतील अंतरच संपादकाविरुद्ध साक्ष देते. चिकित्सकाने म्हणूनच ही दोन्ही उत्तरे एकत्र ठेवून वाचली पाहिजेत.

आता प्रश्नाकडे वळू. परिषदेच्या आचारसंहितेत या विषयावर दोनच वाक्ये आहेत. छायाचित्रणाद्वारे व्यक्तिगत दुःखाच्या क्षणांवर अतिक्रमण करू नये, असा पहिल्याचा आशय आहे. मात्र अपघात किंवा नैसर्गिक आपत्ती यांतील बळींचे छायाचित्रण व्यापक लोकहिताचे असू शकते, असे दुसरे सांगते. संपादक आपल्या उत्तरात बहुधा दुसऱ्या वाक्याचा आधार घेतो आणि तेथेच थांबतो. परंतु ‘असू शकते’ या शब्दांनी परवानगी मिळत नाही, तर सिद्धतेचा भार निर्माण होतो. अमुक एका छायाचित्राने कोणते लोकहित साधले, हे दाखवण्याची जबाबदारी त्या शब्दांनी संपादकावर येते.

हा विचार आपल्या जिल्ह्याच्या भूमीवर तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी राज्य परिवहन महामंडळाची शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावन टोल्याजवळ उलटली. दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. त्या दिवशीच्या कोणत्याही वृत्तपत्रावर दोषारोप करण्याचा येथे हेतू नाही. केवळ विवेचनाच्या सोयीसाठी अशी कल्पना करू की, अशा एखाद्या अपघातानंतर गोंदियाच्या एका दैनिकाने रस्त्याकडेला ठेवलेल्या मृतदेहांचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले. त्यातील एका स्त्रीच्या भावाने तक्रार केली आणि संपादकाने उत्तर लिहिले. या कल्पित उत्तरातील मुद्दे मात्र नेहमीच्या परिचयाचे आहेत.

संपादक प्रथम म्हणतो की, छायाचित्र खरे आहे. त्यात कोणताही फेरफार केलेला नाही. हे विधान बिनचूक असेल, पण ते अप्रस्तुत आहे. भावाने छायाचित्र खोटे असल्याचे म्हटलेलेच नाही. किंबहुना ते खरे आहे म्हणूनच त्याने तक्रार केली आहे. बातमीच्या सत्यासत्यतेविषयीच्या तक्रारीला द्यावयाचे उत्तर येथे सवयीने वापरले गेले आहे.

संपादकाचा दुसरा मुद्दा असा की, तेच छायाचित्र इतर वृत्तपत्रांनीही छापले आणि त्याआधी ते लोकांच्या मोबाइलवर फिरत होते. या युक्तिवादात संपादक नकळत आपल्या पदाचाच त्याग करतो. मजकुराची निवड करणारा व तिची जबाबदारी घेणारा म्हणून तो संपादक आहे. ‘सर्वत्र होते म्हणून घेतले’ असे म्हणणे म्हणजे निवड केलीच नाही असे कबूल करणे होय.

चेहरे अस्पष्ट केले होते, ही तिसरी सबब. ही सबब वरकरणी सर्वांत समाधानकारक वाटते, म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार केला पाहिजे. मुंबईच्या वाचकाला गोंदियाच्या रस्त्यावरील अस्पष्ट चेहरा अनोळखीच राहतो. परंतु जिल्हा आवृत्तीचा वाचक हा त्या गावचा, त्या गल्लीचा, पुष्कळदा त्या घरचा असतो. सकाळी निघताना नेसलेली साडी, हातातील पिशवी, पायातील चप्पल यांवरून आपले माणूस ओळखायला त्याला चेहऱ्याची गरज नसते. एकच छायाचित्र राजधानीत प्रातिनिधिक असते आणि जिल्ह्यात व्यक्तिगत असते. अंतराबरोबर छायाचित्राचा अर्थ बदलतो, आणि जिल्हा वृत्तपत्राच्या संपादकाने याच अंतराचा हिशेब ठेवणे अपेक्षित असते. महानगरी वृत्तपत्राचा संकेत तेथे उसना आणून चालत नाही.

शेवटचा व सर्वांत वजनदार मुद्दा लोकहिताचा. रस्त्याची अवस्था, वाहनांची निगा, चालकाचा वेग यांकडे शासनाचे लक्ष वेधावे म्हणून छायाचित्र छापले, असे संपादक म्हणतो. हा हेतू प्रामाणिक मानूनही एक प्रश्न उरतो : छायाचित्रात त्या हेतूचे काय दिसते? उलटलेली गाडी, वळण, रस्त्याची कड, टायरांच्या खुणा हे काही त्या चौकटीत असेल तर युक्तिवादाला आधार आहे. चौकटीत केवळ ओळीने ठेवलेले देह असतील, तर रस्त्याविषयीचे विधान बातमीत आहे, छायाचित्रात नाही. अपघात भीषण होता एवढेच ते छायाचित्र सांगते, आणि ते तर मृतांच्या आकड्याने अगोदरच सांगितले होते.

परदेशातील दोन प्रसंगांनी हा भेद अधिक स्पष्ट होईल. १९७५ साली बोस्टन शहरात आगीच्या वेळी इमारतीचा सुटकेचा लोखंडी जिना कोसळला. त्याबरोबर खाली पडणाऱ्या एका तरुणीचे व लहान मुलीचे छायाचित्र स्टॅन्ली फॉर्मन यांनी टिपले. तरुणी मरण पावली, मुलगी वाचली. छायाचित्र अनेक वृत्तपत्रांनी छापले व वाचकांनी तीव्र आक्षेप घेतले. पण निखळलेला जिना, म्हणजे मृत्यूचे कारणच, त्या चौकटीत होते आणि पुढे अशा जिन्यांच्या सुरक्षिततेविषयीचे नियम कडक करण्याला त्याने चालना दिली. १९८५ साली कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथील दैनिकाने पाण्यात बुडालेल्या एका बालकाचा देह व त्याभोवती आक्रोश करणारे कुटुंबीय यांचे जॉन हार्ट यांनी घेतलेले छायाचित्र छापले. शेकडो वाचकांनी दूरध्वनी व पत्रे यांद्वारे निषेध केला. पालकांनी सावध व्हावे, हा छायाचित्रकाराचा युक्तिवाद होता. परंतु चौकटीच्या केंद्रस्थानी पाण्याचा धोका नव्हता, एका कुटुंबाचे दुःख होते. व्यवस्थापकीय संपादक रॉबर्ट बेंटली यांनी आपल्या स्तंभात ते छापणे ही चूक होती, असे उघडपणे मान्य केले. पहिल्या छायाचित्राचे समर्थन करता येते व दुसऱ्याचे कठीण जाते, याचे कारण भीषणतेच्या कमीअधिकपणात नाही. चौकटीत कारण आहे की केवळ परिणाम, यात ते आहे.

यावरून मृतांची छायाचित्रे छापूच नयेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अपघाताचे नेहमीच स्वच्छ व सोज्ज्वळ चित्रण झाले, तर ज्यांच्या हलगर्जीपणाने माणसे मेली त्यांची सोय होते. शिवाय ही कसोटीही परिपूर्ण नाही. काही वेळा कारण आणि देह यांना चौकटीत वेगळे करता येत नाही, आणि तेथे संपादकाला दुःख पत्करूनच निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी त्याच्या उत्तरात त्या निर्णयाची हकीकत आली पाहिजे. कोणकोणती छायाचित्रे समोर होती? हेच का निवडले? छपाईला जाताना मृतांच्या घरी वार्ता पोचली होती की नाही, याची चौकशी कोणी केली? पहिले पान व एवढा आकार कोणी ठरवला? हे प्रश्न त्या रात्री विचारले गेले असतील, तर उत्तर लिहायला चौदा दिवस पुरेसे आहेत. विचारलेच गेले नसतील, तर मात्र समर्थन नंतर रचावे लागते आणि ते रचलेले असल्याचे त्याच्या भाषेवरून कळते. ‘जनहितार्थ’, ‘वृत्तपत्राचे कर्तव्य’, ‘कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नव्हता’ असे सर्वसामान्य शब्दप्रयोग वाढतात, आणि ती रात्र, ते छायाचित्र व ती स्त्री यांविषयीचे एकही विधान सापडत नाही.

हेतूविषयीचे शेवटचे वाक्य तर विशेष तपासण्यासारखे आहे. भावाने हेतूविषयी विचारलेले नव्हते. बहिणीच्या मृत्यूची वार्ता आपल्याला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून का कळावी, असे त्याने विचारले होते. ‘भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ या वाक्यातील ‘असल्यास’ हा शब्द त्याच्या दुःखालाच संशयित ठरवतो. बेंटली यांच्या कबुलीत असा प्रत्यय नव्हता, म्हणून ती कबुली ठरली. संपादकाच्या उत्तराचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासकाने प्रथम याच लहान शब्दांकडे पाहावे. छायाचित्राविषयीचा निर्णय चुकीचा होता की योग्य, याविषयी दोन मते संभवतात. परंतु उत्तर विचारलेल्या प्रश्नाला दिले आहे की नाही, हे मात्र मजकुरावरून निश्चित सांगता येते.