४६ गुणसूत्रे, तरीही डाउन सिंड्रोम : एका नमुना उत्तराची चिकित्सा

डाउन सिंड्रोमवरचा प्रश्न पॅथॉलॉजी आणि बालरोगशास्त्र या दोन्ही पेपरांत येतो. गाइडमधले नमुना उत्तरही ठरलेले असते : ४७ गुणसूत्रे, २१ क्रमांकाची तीन, कारण आईचे वाढलेले वय. हे उत्तर चूक नाही. सुमारे ९५ टक्के बाळांना ते लागू पडते. पण चेहरा, तळहाताची एकच आडवी रेषा आणि स्नायूंचा सैलपणा यांवरून निदानाचा अंदाज बाळाला तपासतानाच येतो. कॅरिओटाइप त्याची खात्री करतो आणि आणखी एक गोष्ट सांगतो : पुढच्या बाळाला धोका किती. नमुना उत्तर हा दुसरा भाग सोडून देते.

एक काल्पनिक प्रश्न सोडवून पाहू. आई २४ वर्षांची, आधी एक गर्भपात झालेला. बाळात डाउन सिंड्रोमची लक्षणे स्पष्ट आहेत. अहवाल असा :

46,XX,der(14;21)(q10;q10),+21

या कॅरिओटाइपचे चित्र दिले, तर फक्त २१ची जागा पाहणारा विद्यार्थी तिथे दोनच गुणसूत्रे मोजतो, एकूण ४६ भरतात आणि तो ‘सामान्य’ असे लिहून मोकळा होतो. चूक १४च्या जोडीत दिसते. १४ क्रमांकाच्या गुणसूत्राची वरची भुजा एरवी अगदी आखूड असते. इथे जोडीतल्या एकाला वरही ठळक, पट्टे असलेली भुजा आहे. ती २१ची लांब भुजा आहे. म्हणजे २१चे द्रव्य तिप्पटच आहे, फक्त तिसरी प्रत १४ला चिकटलेली आहे. १९६० साली लंडनमध्ये पोलानी आणि सहकाऱ्यांनी ४६ गुणसूत्रे असलेल्या अशाच एका मुलीची नोंद केली होती.

एकूण ४६ असताना शेवटी +21 का लिहितात, हे विद्यार्थ्यांना अडते. der(14;21) हे जोडगुणसूत्र एका सामान्य १४ची आणि एका सामान्य २१ची जागा घेते. त्यामुळे संख्या ४५वर येते आणि सुटे २१ एकच उरायला हवे. इथे सुटी दोन आहेत. ते जास्तीचे एक म्हणजे +21.

यानंतरची पायरी आई-वडील दोघांच्या कॅरिओटाइपची. समजा, वडिलांचा सामान्य आला आणि आईचा असा :

45,XX,der(14;21)(q10;q10)

आईला काहीच त्रास नाही. जोडणीत फक्त दोन आखूड भुजा गळाल्या. त्यांवरच्या रायबोसोमल आरएनएच्या जनुकांच्या प्रती इतर गुणसूत्रांवर पुरेशा असतात. मात्र तिच्या बीजांडांत १४, २१ आणि जोडगुणसूत्र यांची वाटणी सहा प्रकारे होऊ शकते. त्यांपैकी तीन प्रकारांतले गर्भ जवळजवळ नेहमीच टिकत नाहीत. आधीच्या गर्भपाताचे कारण तिथे असू शकते. उरलेल्या तीनांतून सामान्य बाळ, आईसारखे वाहक बाळ किंवा डाउन सिंड्रोमचे बाळ जन्मते.

म्हणून पुस्तकी हिशोबाने धोका एक-तृतीयांश. अनेक उत्तरे इथेच थांबतात. प्रत्यक्षात आई वाहक असेल तर तो सुमारे १० ते १५ टक्के आढळतो आणि वडील वाहक असतील तर १ टक्क्याच्या आसपास. दोघांचेही कॅरिओटाइप सामान्य असतील, तर स्थानांतरण बाळातच नव्याने झालेले असते आणि धोका कमी असतो. मात्र पालकात २१ला २१च चिकटलेले असेल, तर जन्मणारे जवळजवळ प्रत्येक बाळ बाधित असते. फक्त ‘आईचे वय’ शिकलेला डॉक्टर २४ वर्षांच्या या आईला ‘तुमचे वय कमी आहे, काळजी नको’ असे सांगून परत पाठवील.

पुढच्या गरोदरपणात गर्भजल तपासणीचा प्रश्न येतो. इथे परदेशी पुस्तकांवरून उचललेले प्रश्न आणखी एक गोष्ट विसरतात. गर्भलिंगनिवडीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. गुणसूत्रदोषासाठी गर्भाची तपासणी करता येते, पण गर्भाचे लिंग कुटुंबाला सांगता येत नाही. तेव्हा प्रश्नातली आई गर्भाचा XX किंवा XY लिहिलेला अहवाल हातात घेऊन येते, हे आपल्याकडे घडायला नको.

‘डाउन सिंड्रोमचा कॅरिओटाइप लिहा’ हा प्रश्न पाठांतर तपासतो. त्याऐवजी वरचा अहवाल देऊन तीन गोष्टी विचाराव्यात : २१ची तिसरी प्रत कुठे आहे, पुढे कोणाची तपासणी कराल, आणि तिच्या निकालानुसार धोका कसा बदलेल? उत्तरपत्रिकेत या तीन ओळी आल्या, तर विद्यार्थ्याने कॅरिओटाइप वाचला असे म्हणता येईल.